गाडी विकली, तरी वर पैसे भरायचे?

हो, भरायचे. कर्जावर घेतलेली गाडी दोन-तीन वर्षांत विकायची वेळ आली तर बऱ्याच जणांवर ही पाळी येते, आणि जवळजवळ प्रत्येकाला ती येईपर्यंत पत्ता नसतो. मग दोष कुणाला द्यायचा? जुन्या गाडीवाला डीलर लुटतोय, बँक लुटतेय, ॲपवाली कंपनी आधी एक भाव दाखवते आणि नंतर पाडते, वगैरे वगैरे. यातलं थोडंफार खरंही असतं. पण माझं स्पष्ट मत असं आहे की हा खड्डा विकायच्या दिवशी पडतच नाही. तो गाडी बुक करायच्या दिवशी, शोरूममधल्या त्या गुळगुळीत टेबलावर, चहा-बिस्किट खात असताना खणला जातो. विकायच्या दिवशी तो फक्त दिसतो.

हे हवेत बोलत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये माझ्या एका सहकाऱ्याच्या गाडीचा असाच हिशेब मी त्याच्याबरोबर बसून केला. त्याची परवानगी घेऊन आकडे देतोय, फक्त जरा गोल करून. (नाव देत नाही. ऑफिसात आधीच पुरेसं चिडवून झालंय.)

तर गाडी अशी. पुण्यात ऑगस्ट २०२३ मध्ये घेतलेली, चार मीटरच्या आतली, पेट्रोल. एक्स-शोरूम ९,६०,०००. त्यावर आरटीओचा एकरकमी कर ११ टक्के, म्हणजे १,०५,६००. विमा ४८,०००. उरलेले ३१,४०० सीट कव्हर, मॅट, वाढीव वॉरंटी, नोंदणीची फी अशा किडूकमिडूकात. सगळं मिळून ऑन-रोड ११,४५,०००. साहेबांनी खिशातून घातले १,४५,००० आणि कर्ज काढलं पूर्ण दहा लाखांचं. ९.५ टक्के, फिक्स्ड, सात वर्षं. हप्ता १६,३४४.

इथेच एक गोष्ट बघा. कर्ज दहा लाख आणि गाडीची एक्स-शोरूम किंमत नऊ लाख साठ हजार. कर, विमा आणि सीट कव्हर यांचे पैसे पुढचा गिऱ्हाईक वेगळे मोजून देत नाही. तो गाडीचे पैसे देतो. म्हणजे शोरूमच्या फाटकातून नारळ फोडून बाहेर पडताना, शून्य किलोमीटरवर, कर्ज गाडीपेक्षा मोठं होतं. वर नव्या गाडीची जुनी होताना जी पहिली घट होते ती वेगळीच.

आता सव्वीस हप्ते भरून झाल्यावर त्याला जर्मनीत नोकरी मिळाली. पाच आठवड्यांत निघायचं. तिकडे घर भाड्याने घ्यायचं तर डिपॉझिट, बायको-मुलीची तिकिटं, पहिल्या पगारापर्यंतचा खर्च. त्याने मनात जो हिशेब मांडला होता तो असा: "सव्वीस हप्ते भरलेत, म्हणजे सव्वाचार लाख फिटले. राहिले पावणेसहा. गाडीचे साडेसहा तरी येतीलच. पाऊण-एक लाख हातात पडेल, तिकिटं त्यात निघतील."

मी म्हटलं, "अरे, बँकेचं स्टेटमेंट काढलंस का?"

"त्यात काय बघायचंय? दहातून सव्वाचार गेले."

नाही ना! हप्त्यात व्याज आधी कापलं जातं आणि उरलेलं मुद्दलात जातं. पहिल्या महिन्यात दहा लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज होतं ७,९१७. म्हणजे १६,३४४ च्या हप्त्यातले मुद्दलात गेले जेमतेम ८,४२७. पुढे हळूहळू हे प्रमाण सुधारतं, पण सात वर्षांच्या कर्जात ते फारच सावकाश सुधारतं. सव्वीस हप्त्यांत त्याने भरले ४,२४,९४४. त्यातलं व्याज १,८२,७१३ आणि मुद्दल २,४२,२३१. बाकी राहिली ७,५७,७६९. पावणेसहा नव्हे, साडेसात लाखांच्याही वर.

हे बघायला सीएची गरज नाही. एक्सेल उघडा आणि कुठल्याही रिकाम्या घरात हे लिहा:

```
=FV(9.5%/12, 26, 16344, -1000000)
```

व्याजदर, भरून झालेले हप्ते, हप्त्याची रक्कम आणि मूळ कर्ज. बस्स. आपले आकडे घाला, बाकी समोर येते. बँकेच्या आकड्यात आणि यात थोडा फरक पडेल, कारण पहिला हप्ता सुरू होण्याआधीच्या मोडक्या दिवसांचं व्याज बँका आपापल्या पद्धतीने धरतात. पण अंदाजाला हे चोख आहे.

बरं, ही बाकी भरली की सुटलो, असंही नाही. कर्ज मुदतीआधी बंद करायचं तर बँकेकडून फोरक्लोजर लेटर मागवावं लागतं. त्यात मुद्दलाखाली आणखी दोन ओळी असतात. पहिली, शेवटच्या हप्त्यापासून आजपर्यंतच्या दिवसांचं व्याज. त्याचा हप्ता ५ तारखेला जायचा, कर्ज बंद करायचं ठरलं १७ ऑक्टोबरला, म्हणून बारा दिवसांचे २,३६७. दुसरी ओळ जास्त बोचते: फोरक्लोजर चार्जेस. त्याच्या करारात दोन वर्षं पूर्ण झाल्यावर बाकीच्या ३ टक्के होते, त्याआधी ५ टक्के. म्हणजे २२,७३३, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, ४,०९२. एकूण भरायचे ७,८६,९६१.

(इथे हमखास कुणीतरी म्हणणार की रिझर्व्ह बँकेने हे चार्जेस बंद केलेत. अर्धं खरं आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना तो नियम आहे, आणि तोही व्यक्तीने बिगर-धंद्यासाठी घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या कर्जांना. गाडीचं कर्ज बहुतेक वेळा फिक्स्ड असतं. तेव्हा आपलं मंजुरीपत्र काढून दर कुठला आहे ते आधी वाचा, आणि मग भांडायला जा.)

दुसऱ्या बाजूला गाडीची किंमत. ॲपवाल्या एका कंपनीने घरबसल्या ६,९०,००० दाखवले, माणूस येऊन टायर, बंपर आणि सर्व्हिस बुक बघून गेल्यावर तेच ६,३५,००० झाले. ओळखीच्या डीलरने ६,४०,००० म्हटलं. शेवटी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून एक सरळ गिऱ्हाईक मिळाला, त्याने ६,६०,००० ला हो म्हटलं. सहकारी चिडला होता, कारण जुलैत त्याला कुणीतरी सव्वासातचा भाव सांगितला होता. पण मधल्या काळात काय झालं? २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी, सेस धरून २९ टक्के होता तो १८ टक्के झाला. त्याच्या गाडीची किंमत २०२३ च्या मूळ भावाने धरली तर नुसत्या कराच्या फरकाने ती ९,६०,००० वरून ८,७८,००० च्या आसपास येते. नवीच जर ब्याऐंशी हजारांनी स्वस्त मिळत असेल तर सव्वादोन वर्षं जुनीला जुना भाव कोण देणार? गिऱ्हाईक काही खुळा नाही. आणि गंमत बघा, नवीची किंमत उतरली की जुनीची उतरते, पण कर्जाची बाकी एक रुपयाही उतरत नाही. कर्ज हे जुन्या भावात गोठलेलं असतं. कर कमी झाला याचा सगळ्यांना आनंद, फक्त ज्यांनी आदल्या दोन-तीन वर्षांत कर्ज काढून गाडी घेतली आणि आता विकायची आहे, त्यांना तो दुखला.

तर हिशेब: भरायचे ७,८६,९६१, येणार ६,६०,०००. खड्डा १,२६,९६१. पाऊण-एक लाख हातात पडणार होते, त्याऐवजी सव्वा लाख खिशातून. दोन लाखांहून जास्त फरक, आणि तोही तिकिटं काढायच्या आठवड्यात.

यावर त्याला जे सल्ले मिळाले त्यातला सगळ्यात लोकप्रिय म्हणजे "घाई करू नकोस, थांब. वर्षभर सासऱ्यांकडे ठेव, हप्ते चालू ठेव, खड्डा भरून येईल, मग वीक." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो, आणि का ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यांची गफलत इथेच होते.

वर्षभर थांबला असता तर काय झालं असतं? बारा हप्ते, म्हणजे १,९६,१२८ रुपये भरले असते. बाकी झाली असती ६,२८,०७९, आणि बंद करायचा खर्च धरून साधारण ६,५२,०००. गाडी तोवर सव्वातीन वर्षांची. आज सहा साठला जाणारी गाडी तेव्हा पावणेसहाला गेली असती असं धरू, आणि हे मी तसं उदार मनाने धरतोय. तरी खड्डा उरतो सत्त्याहत्तर हजारांचा. म्हणजे दोन लाखांच्या जवळपास हप्ते भरून खड्डा कमी झाला पन्नास हजारांनी! कारण महिन्याला मुद्दल उतरतं साडेदहा-अकरा हजारांनी आणि गाडी उतरते सात हजारांनी. दोघं एकाच जिन्याने खाली चाललेत, कर्जाचा वेग थोडासा जास्त, एवढंच.

पण खरा मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. खड्डा कमी होतो तो कशाने? आपण हप्त्यातून मुद्दल भरतो म्हणून. ते मुद्दल येतं कुठून? आपल्याच खिशातून. म्हणजे "थांबल्याने खड्डा भरला" याचा अर्थ खड्डा आपणच भरला, फक्त एकरकमी न भरता हप्त्याहप्त्याने, वर व्याज देऊन. आज बंद केलं तर १,२६,९६१ लागतात. वर्षाने बंद केलं तर १,९६,१२८ अधिक सत्त्याहत्तर हजार, म्हणजे पावणेतीन लाखांच्या जवळ. मधला फरक सुमारे १,४६,०००, शिवाय वर्षाचा विमा. गाडी वर्षभर वापरणार असाल तर हा वापराचा खर्च म्हणून समजू शकतो. पण ती सासऱ्यांच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून झोपणार असेल तर हे दीड लाख कशासाठी?

खड्डा आणि नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुकसान म्हणजे गाडीची झालेली घट आणि दिलेलं व्याज. ते होऊन गेलेलं आहे, विकलं काय आणि नाही विकलं काय. खड्डा म्हणजे त्या नुकसानीपैकी जो भाग आपण अजून चुकता केलेला नाही, तो. ज्याने डाउन पेमेंट भरपूर केलं त्याचंही नुकसान जवळपास तेवढंच झालेलं असतं, पण त्याने आधीच चुकतं केल्यामुळे त्याला विकताना चार पैसे परत मिळतात आणि तो म्हणतो "माझी गाडी चांगल्या भावाला गेली". आपल्या सहकाऱ्याचा एकूण हिशेब मांडला तर डाउन पेमेंट १,४५,०००, हप्ते ४,२४,९४४ आणि हा खड्डा १,२६,९६१, मिळून ६,९६,९०५. सव्वीस महिन्यांनी भागलं तर महिन्याला २६,८००. पेट्रोल, सर्व्हिसिंग वेगळं. तो मात्र सव्वादोन वर्षं समजत होता की आपल्याला गाडी महिना सोळा हजारांत पडतेय. उरलेले दहा हजार दर महिन्याला कुठेतरी साठत होते, त्याचं बिल एकदम आलं.

आता हेच टेबलाच्या अलीकडच्या बाजूला जाऊन बघू. समजा त्याने खिशातून १,४५,००० ऐवजी २,९५,००० घातले असते आणि साडेआठ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी घेतलं असतं. हप्ता किती? १७,८५२. फक्त दीड हजार जास्त! सव्वीस हप्त्यांनंतर बाकी ५,३०,००० च्या आसपास, बंद करायला साडेपाच लाख. गाडी त्याच ६,६०,००० ला. हातात एक लाख नऊ हजार. तिकिटं निघाली असती.

यात जादू काही नाही. दीड लाख त्याने आधी घातले असते, दर महिन्याला दीड हजार जास्त दिले असते, त्यातलंच परत आलं असतं. निव्वळ बचत बघितली तर सत्तेचाळीस हजारांची, आणि ते दीड लाख एफडीत ठेवून मिळालं असतं ते व्याज वजा केलं तर त्याहून बरीच कमी. म्हणून मी असं म्हणणार नाही की लांब मुदतीचं कर्ज म्हणजे पाप. ज्याला खात्री आहे की ही गाडी आपण आठ-दहा वर्षं वापरणार, त्याने खुशाल सात वर्षांचं घ्यावं. पण आयटीतल्या माणसाने? ज्याची नोकरी, शहर आणि देशसुद्धा दोन ई-मेलमध्ये बदलू शकतो? त्याने सात वर्षांचं कर्ज आणि दहा टक्के डाउन पेमेंट या जोडगोळीपासून लांब राहावं, हे माझं मत. कारण जेव्हा गाडी अचानक विकावी लागते तेव्हा बाकीचेही खर्च अचानकच आलेले असतात. नोकरी जाते तेव्हा तर विचारूच नका.

"पण खड्डा किती पडेल हे आधी कसं कळणार, किंमत कुणाला माहीत असते?" हा प्रश्न रास्त आहे. कर्जाची बाजू आता तरी कागदावर मिळते. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जांबरोबर बँकेने मुख्य माहितीचं एक पत्रक द्यायचं असतं आणि त्याला परतफेडीचा तक्ता जोडलेला असतो, कुठल्या महिन्यानंतर किती बाकी ते त्यात सरळ दिसतं. किंमतीच्या बाजूला असा तक्ता कुणी देत नाही. पण एक कामचलाऊ पट्टी आपल्या सगळ्यांच्या घरात आहे: विम्याची. विम्यात गाडीची जी किंमत धरतात, आयडीव्ही, तिची घट ठरलेली असते. एक वर्ष पूर्ण झाल्यावर एक्स-शोरूमच्या २० टक्के वजा, दोन वर्षांनी ३०, तीन वर्षांनी ४० आणि चार वर्षांनी ५०. बाजारभाव याच्या वर-खाली जाऊ शकतो, मागणी असलेल्या गाड्यांचा वरच असतो, पण पट्टी म्हणून ठीक.

आपल्या गाडीला ती लावली तर एका वर्षाने किंमत ७.६८ लाख, कर्ज ८.९४. दोन वर्षांनी ६.७२ आणि ७.७८. तीन वर्षांनी ५.७६ आणि ६.५१. चार वर्षांनी ४.८० आणि ५.१०. म्हणजे पाचव्या वर्षात कुठेतरी दोघांची गाठ पडते. तोवर ही गाडी विकायची म्हणजे वर पैसे द्यायचे, हे गाडी घ्यायच्या दिवशीच कागदावर मांडता येत होतं. साडेआठ लाख आणि पाच वर्षं घेतली तर एका वर्षानेच कर्ज ७.११ आणि किंमत ७.६८. त्यानंतर कधीही विका. माझं म्हणणं एवढंच की शोरूममध्ये "महिना किती बसेल?" विचारून झाल्यावर ही दोन रकान्यांची चिठ्ठी खिशातून काढावी. सेल्समन नाराज होईल, होऊ दे. (आणि हो, गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली तर विमा कंपनी देते ती ही आयडीव्हीच. कर्ज तिच्याहून मोठं असेल तर खड्डा तिथेही आहे, आणि तिथे तर गाडीही नाही.)

खड्डा पडलाच आहे, तर पैशांचा क्रम नीट समजून घ्यावा लागतो, कारण इथे रकमेपेक्षा वेळ जास्त छळते. आरसीवर बँकेचा बोजा, म्हणजे हायपोथिकेशन, चढवलेला असतो. तो उतरल्याशिवाय गाडी गिऱ्हाइकाच्या नावावर होत नाही. तो उतरायला बँकेची एनओसी आणि बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ लागतो. आणि बँक हे दोन्ही देते कर्ज पूर्ण, अगदी शेवटच्या रुपयापर्यंत फिटल्यावर. म्हणजे गाडी गिऱ्हाइकाच्या नावावर व्हायच्या कितीतरी आधी आपला सव्वा लाख रोख तयार हवा. "गाडी विकली की त्यातून देऊ" हे चालत नाही, कारण त्यातून भागतच नाहीये.

सहकाऱ्याने केलं ते असं. गिऱ्हाइकाने २५,००० टोकन दिलं. १७ तारखेला दोघं फोरक्लोजर लेटर घेऊन शाखेत गेले. गिऱ्हाइकाने उरलेले ६,३५,००० थेट कर्जखात्यात टाकले, सहकाऱ्याच्या खात्यात नव्हे. हे महत्त्वाचं, कारण सरळ गिऱ्हाइकाला भीती हीच असते की पैसे घेऊन हा जर्मनीला जाईल आणि गाडीवर कर्ज तसंच. उरलेले १,५१,९६१ सहकाऱ्याने एफडी मोडून भरले, त्यात टोकनचे पंचवीसही आले. कर्जखाते क्रमांक घालून स्टँपपेपरवर करार आधीच केला होता. फोरक्लोजर लेटरवर तारीख असते, ती उलटली की रोजचं व्याज पुढे चढतं (त्याचं दिवसाला १९७ रुपये), म्हणून गिऱ्हाईक, पैसे आणि पत्र ही तिन्ही एकाच दिवशी जमवावी लागतात. दिवाळीच्या सुट्ट्या मध्ये आल्याने एनओसीला अकरा दिवस लागले. ती हातात आल्यावर फॉर्म ३५ वर आणि नाव बदलायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या करूनच तो विमानात बसला.

एफडी नसती तर? पर्सनल लोन हा पर्याय असतो. तेरा-चौदा टक्क्यांनी सव्वा लाख काढायचे आणि विकून टाकलेल्या गाडीचे हप्ते दोन वर्षं भरायचे. मनाला लागतं, पण हिशेबाने ते पार्किंगमध्ये गाडी सडवण्यापेक्षा स्वस्तच पडतं. डीलरला दिली तर क्रम सोपा होतो, तो कर्ज बंद करायचं काम करून देतो, पण खड्ड्याची रक्कम तोही आधी मागतो. भाव मोठा वाटेल तिथे सगळे पैसे एकदम मिळणार की नाव बदलेपर्यंत काही अडकवून ठेवणार, हे विचारून घ्यावं.

एक मार्ग मात्र कुणीही कितीही गोड बोलून सुचवला तरी धरू नये. त्यालाही एका एजंटने सुचवला होताच. "साहेब, कशाला बंद करताय कर्ज? गाडी आमच्या पार्टीला द्या, नोटरी करू, हप्ते ते भरतील." खड्डा शून्य! फक्त आरसी आपल्या नावावर, कर्ज आपल्या नावावर, आणि गाडी कोण कुठे चालवतोय देव जाणे. हप्ता चुकला तर सिबिल आपलं बिघडतं. बँकेच्या परवानगीशिवाय तारण गाडी दुसऱ्याला देणं हा करारभंग. आणि अपघात झाला तर? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की गाडी हातोहात विकत पुढे गेली असली, तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच भरपाईसाठी मालक धरला जाईल. सव्वा लाख वाचवायला केवढी मोठी जोखीम! तो एजंट दोनदा फोन करत होता, तिसऱ्यांदा ब्लॉक केला.

तसंच कुणी म्हणेल, बँकेशी घासाघीस करून थोड्या कमी रकमेत मिटवू. थकलेल्या कर्जात असं होतं, पण मग सिबिलवर खातं "बंद" असं न दिसता "तडजोड" म्हणून दिसतं, आणि पुढचं घराचं कर्ज मागायला गेलं की ते आडवं येतं. हप्ते नियमित भरणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

शेवटची एक किरकोळ वाटणारी गोष्ट. कर्ज बंद झालं तरी खात्यातून हप्ता कापायची परवानगी बँकेकडे तशीच असते, आणि महिनाअखेरीला बंद केलं तर पुढचा हप्ता कधीकधी कापला जातो. मग तो परत मिळवायला फोनवर फोन. म्हणून कर्ज बंद करायचं ते हप्त्याच्या तारखेनंतर लगेच, पुढच्या तारखेला भरपूर दिवस असताना, आणि ती परवानगी रद्द केल्याचं लेखी घ्यायचं. सहकाऱ्याने ते घेतलं होतं. ५ नोव्हेंबरला तरी त्याने तिकडून सकाळी उठल्याउठल्या खातं उघडून बघितलं. नव्हता कापला.